मशीन सदोष, पुरवठादाराची सहा लाखांची नोटीस: उत्तरात वजावट आणि प्रतिदावा कसा मांडावा?

मेधा_पॅक

आमचं डिटर्जंट पावडरचं छोटं युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो. २०२४ मध्ये एका मशीन बनवणाऱ्याकडून ऑटोमॅटिक पाऊच पॅकिंग मशीन घेतलं. मूळ किंमत २० लाख, १८ टक्के जीएसटी धरून २३ लाख ६० हजार. त्यातले १७ लाख ६० हजार दिले आहेत. उरलेले ६ लाख पीओप्रमाणे, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरप्रमाणे, 'मशीन बसवून चाचणी यशस्वी झाल्यावर' द्यायचे होते.

पीओत वेग मिनिटाला ६० पाऊच लिहिला आहे. मशीन १२ जूनला आलं, २८ जूनला त्यांचा इंजिनिअर बसवून गेला. पहिल्या दिवसापासून वेग ३८ ते ४०, त्याच्या वर नेला की पाऊचची आडवी सील सुटते आणि पावडर गळते. ३ जुलैला मी पहिली ईमेल केली. त्यांचा माणूस १९ जुलै, ६ ऑगस्ट आणि २४ सप्टेंबर असा तीनदा आला, फरक पडला नाही. शेवटी नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या माणसाकडून पाऊच दाबून चिकटवणारा सीलिंग जॉ आणि टेंपरेचर कंट्रोलर बदलून घेतले. आता ४८-५० पाऊच निघतात.

२७ जानेवारीला त्यांच्या वकिलाची नोटीस आली: ६ लाख आणि त्यावर एमएसएमई कायद्याचं चक्रवाढ व्याज १५ दिवसांत द्या, नाहीतर कारवाई.

मला उत्तरात लिहायचं आहे की मशीन परत घेऊन जा, आमचे १७ लाख ६० हजार परत द्या, आणि नुकसानीचे १५ लाख द्या. एक मोठा ग्राहक यातच गेला. आमच्या वकिलांनी मुद्दे आणि कागद काढून आणायला सांगितले आहेत. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी सांगावं, काय लिहावं आणि काय टाळावं?

सुमेध_०७

ताई, घाबरू नका. 'डिमांड नोटीस' आहे म्हणजे दिवाळखोरी कायद्यातली, कलम ८. पोचल्यापासून १० दिवसांत उत्तर द्यायचं आणि 'वाद आहे' एवढं म्हणायचं. त्या कायद्यात मालाच्या दर्जाचा वाद स्पष्टपणे धरलेला आहे. तेवढ्यावर एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात त्यांचा अर्ज फेटाळला जातो.

निळू

कुठल्या बँकेचा चेक परत गेला? माझ्या केसमध्ये नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस होते, १६ व्या दिवशी समोरच्याने केस टाकायची तयारी केली. तारखा फार जपा. मी एका फर्निचरवाल्याला सिक्युरिटी म्हणून चेक दिला होता, फर्निचर खराब निघालं म्हणून पेमेंट थांबवलं, आणि अजून तारखांना जातोय.

मेधा_पॅक

निळू, चेक दिलेला नाही. सगळं आरटीजीएसने दिलं आहे.

काळा_कोट

मी व्यापारी दाव्यांचंच काम करते. मेधाताई, आधी दोन गैरसमज बाजूला ठेवू.

सुमेध म्हणतात तो कायदा खरा आहे, पण मार्च २०२० पासून त्यातली किमान थकबाकी १ कोटी आहे. ६ लाखांसाठी तो रस्ता बंद आहे. शिवाय 'वाद आहे' असं उत्तरात म्हटल्याने तिथेही भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या २०१७ च्या निकालात सांगितलं आहे की वाद नोटीस येण्याच्या आधीपासूनचा हवा आणि त्याला कागदाचा आधार हवा, नुसता रचलेला नको. ही शिकवण तुमच्या कामाची आहे. कुठल्याही मंचावर पहिला प्रश्न तोच येतो: ही तक्रार पैसे मागितल्यावर सुचली की आधीपासून होती? तुमची ३ जुलैची ईमेल म्हणून मोलाची.

चेकचा विषय नाही, म्हणून ते १५ दिवसही नाहीत. वकिलाच्या साध्या नोटिशीतली मुदत ही त्यांनी घातलेली मुदत. पण उत्तर त्या मुदतीतच द्या, कारण गप्प राहिलात तर पुढे 'तेव्हा का बोलला नाहीत' हे ऐकावं लागतं.

आता तुमच्या मागण्यांकडे येते. नोव्हेंबरात मशीन दुरुस्त करून अजून वापरताय ना? मग 'परत घेऊन जा' हे तुम्हाला जवळपास बंद झालं आहे. मालविक्री कायदा १९३०, कलम ४२: माल आल्यावर वाजवी काळात नाकारलं नाही, किंवा मालकासारखा वापर केला, की माल स्वीकारला असं धरतात. सात महिने माल काढून विकला, जॉ बदलला, आणि आता 'आम्ही नाकारतो' म्हणाल तर तुमचा चांगला मुद्दाही त्याच्याबरोबर हलका होईल.

पण स्वीकारलं म्हणजे पूर्ण किंमत देणं लागतं, असंही नाही. कलम १३ म्हणतं, स्वीकारलेल्या मालात मूळ अट मोडली असेल तर ती हमी मोडल्यासारखी धरायची. आणि कलम ५९ म्हणतं, हमी मोडली असेल तर खरेदीदार त्या नुकसानीपुरती किंमत कमी झाली, किंवा पूर्ण संपली, असा बचाव विक्रेत्यासमोर घेऊ शकतो. त्यापलीकडे नुकसान असेल तर वेगळं मागूही शकतो. तुमच्या उत्तराचा कणा हे कलम ५९ आहे.

मेधा_पॅक

म्हणजे हीच वजावट ना? मी मसुद्यात असं लिहिलं होतं: "आम्ही आपले ६ लाख रुपये देणे आहोत, परंतु आमचे आपल्याकडून १५ लाख येणे असल्याने ती रक्कम वळती करून घेत आहोत."

काळा_कोट

हे वाक्य कुठेही पाठवलं नसेल तर आजच खोडून टाका.

'आम्ही ६ लाख देणे आहोत' ही कबुली झाली. सहीनिशी दिलेल्या कबुलीने त्यांची दाव्याची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. आणि त्या कबुलीवरच ६ लाखांचा निकाल द्या, असा अर्ज ते करू शकतात. 'परंतु'च्या पुढचं तुम्हाला सिद्ध करावं लागेल, अलीकडचं सिद्ध करायची त्यांना गरजच उरणार नाही.

शब्द सारखे वाटतात, पण गोष्टी तीन आहेत. पहिली, किंमतच कमी झाली हा बचाव. यात ६ लाख देणं लागतो हे तुम्ही मान्यच करत नाही. सदोष मशीनची देय किंमत एवढीच नव्हती, असं म्हणता. दुसरी, दाव्यातली वजावट. दिवाणी प्रक्रिया संहितेत तिला ठरलेली, हिशेबाने निश्चित रक्कम लागते, नुकसानभरपाई तशी नसते. एकाच व्यवहारातून उपजलेली अनिश्चित रक्कम न्यायालय न्यायबुद्धीने वळती करू देतं, पण तो तुमचा हक्क नसून न्यायालयाची मर्जी असते. तिसरी, प्रतिदावा. तो उलटा दावाच आहे. त्याची कोर्ट फी भरावी लागते आणि त्यांनी दावा मागे घेतला तरी तो चालू राहतो.

उत्तरात क्रम हाच ठेवा: आधी किंमत कमी झाली, तसं न मानल्यास त्याच व्यवहारातली वजावट, आणि ६ लाखांच्या वर जे उरेल तेवढाच प्रतिदावा.

लेथवाला

मी वकील नाही, पंचवीस वर्षं मेंटेनन्स केला आहे. ताई, कायद्याच्या आधी एक विचारतो. सील सुटते ती पट्टीच्या टोकांना की मध्ये? आणि तुमचा लॅमिनेट रोल मशीन घेताना होता तोच आहे का?

कारण ते हेच म्हणणार: 'मशीन बरोबर आहे, यांची फिल्म हलकी, यांचा कॉम्प्रेसर कमी पडतो, यांची पावडर ओलसर.' सीलला तापमान, दाब आणि जॉ बंद राहण्याचा वेळ अशा तीन गोष्टी लागतात. वेग वाढवला की वेळ कमी होतो, म्हणून तापमान वाढवावं लागतं. जॉ सगळीकडे सारखा तापत नसेल तर मध्ये फिल्म करपते आणि टोकाला चिकटतच नाही. म्हणून ४० वर बरं चालणारं मशीन ५५ ला गळतं. पण फिल्म बदलली असेल तरी अगदी हेच दिसतं! दोन्हीतला फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

मेधा_पॅक

काका, टोकांना सुटायची. नवा जॉ बसवणाऱ्याने आधी मोजमाप घेतलं होतं, मध्यभागी १६५ अंश आणि डाव्या टोकाला १४१. त्याचे फोटो आहेत. स्क्रीनवर तेव्हा १६५ च दिसत होतं. तो म्हणाला, सेन्सर मधोमध असल्याने मशीनला टोक थंड असल्याचं कळतच नाही.

फिल्म तीच आहे, त्याच पुरवठादाराची. ऑर्डरच्या वेळी आम्ही त्यांच्या कारखान्यात २५ किलो पावडर आणि एक रोल पाठवला होता. त्यांनी चाचणीचा व्हिडिओ पाठवला, त्यात ५८ दिसतात. पण आता नीट पाहिलं तर व्हिडिओत आमचा छापील रोल नाही, साधी पारदर्शक फिल्म आहे.

लेथवाला

मग झालं की. २४ अंशांचा फरक फिल्मने पडत नाही, तो हीटरचा आणि सेन्सरच्या जागेचा दोष. जुना जॉ कुठे आहे?

मेधा_पॅक

बहुतेक भंगारच्या ढिगात. दिरांना विचारते.

काळा_कोट

तो आजच शोधा, पोत्यात बांधून त्यावर तारीख घाला. न्यायालयाने तज्ज्ञ नेमला तर त्याला हात लावून बघण्यासारखं तेवढंच उरलं आहे.

लेथवाला काकांनी फार नेमकं विचारलं. नमुना पाठवला होता म्हणजे मशीन कशासाठी हवं ते त्यांना माहीत होतं आणि तुम्ही त्यांच्या कसबावर विसंबलात. मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये याच परिस्थितीत कामास योग्य असण्याची अट आपोआप येते. शिवाय पीओत ६० चा आकडा आहे, तो वर्णनाचाच भाग झाला. त्यामुळे दोन पायांवर उभं राहता येतं.

दुरुस्तीच्या आधी त्यांना कळवलं होतं का?

मेधा_पॅक

हो. १० ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही बाहेरून करून घेऊ आणि खर्च तुमच्यावर. उत्तर आलं नाही.

काळा_कोट

उत्तम. न कळवता केली असती तर म्हणाले असते, आम्हाला संधीच दिली नाही आणि पुरावाही नाहीसा केला. करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये नुकसान मोजताना हेही बघतात की त्रास कमी करायचे जे उपाय हाताशी होते ते वापरले का. तुम्ही वापरले, आणि त्याचा कागद आहे.

अनुराधा_सी

एक वाईट बातमी सांगते. मी पुरवठादारांच्या बाजूची वसुली बघते. एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. तुमचं मशीन १२ जूनला आलं, ईमेल ३ जुलैची. २१ दिवस झाले. म्हणजे माल मान्य, दर्जाचा प्रश्नच संपला. त्या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत व्याजासकट हुकूम होईल. तडजोड करा.

काळा_कोट

अनुराधा, अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मेधाताईंनी गंभीरपणे घ्यायलाच हवं. एमएसएमई कायद्याच्या कलम १५ मध्ये पैसे देण्याची मुदत कराराने कितीही लांब ठेवली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, आणि कलम १६ चं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. परिषदेत हरलं तर ही रक्कम खरोखर फुगते, आणि तो हुकूम आव्हानित करायला आधी ७५ टक्के भरावे लागतात.

पण ते १५ दिवस पैसे देण्याची तारीख कुठून मोजायची यासाठी आहेत. मुदतीत हरकत आली तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून, नाही आली तर माल मिळाल्याच्या दिवसापासून. मालातला दोष माफ झाला असं त्या व्याख्येत कुठेही नाही. आणि परिषदेपुढच्या लवादात खरेदीदार प्रतिदावा करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या २०२१ च्या निकालात मान्य केलं आहे.

अनुराधा_सी

ठीक, व्याख्येपुरतं मान्य. पण व्याज मोजताना १२ जूनच धरतील ना?

काळा_कोट

मी तरी भांडेन. मशीन ट्रकमधून उतरलं म्हणजे डिलिव्हरी पूर्ण झाली का? ऑर्डर 'बसवून, चालवून देणे' अशी होती आणि शेवटचा हप्ता चाचणीला बांधलेला होता. २८ जून धरला तर ३ जुलै पाचव्या दिवसावर येतो. पण इथे खात्री देणार नाही, समोरचा वकील १२ जूनचं चलन दाखवून उलट म्हणेल आणि त्याचं म्हणणं पोकळ नसेल. ताई, त्यांच्या उद्यम नोंदणीची तारीखही मागा. ऑर्डरनंतरची असेल तर तो मुद्दा उत्तरात घ्या.

आणि २८ जूनचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट? त्यावर कोणी सही केली?

मेधा_पॅक

हाच कागद मला सलतोय. आमच्या सुपरवायझरने सही केली आहे, छापील मजकूर आहे 'मशीनचे काम समाधानकारक'. त्याला वाटलं, इंजिनिअर येऊन गेल्याची सही आहे. वेगाचा रकाना रिकामा आहे.

लेथवाला

रिकामा रकाना तुमच्याच बाजूने बोलतो, ताई. चाचणी झाली असती तर आकडा लिहिला असता. त्यांच्या माणसाचे नंतरचे सर्व्हिस रिपोर्ट काढा. असे इंजिनिअर खरं लिहून जातात, कारण त्यांना ऑफिसला आपण काय केलं ते दाखवायचं असतं.

मेधा_पॅक

काढले. १९ जुलै: 'जॉ अलाइनमेंट केले, स्पीड ४०.' ६ ऑगस्ट: 'थर्मोकपल बदलला, टोकाला लीकेज, ऑब्झर्वेशनमध्ये.' २४ सप्टेंबर: 'जॉ बदलणे आवश्यक, ऑफिसला कळवले.' तिन्हीवर त्यांच्याच इंजिनिअरची सही.

काळा_कोट

ताई, तुमची केस या तीन कागदांवर उभी आहे. २८ जूनचा कागद लपवू नका, तो त्यांच्याकडेही आहे. उत्तरात आपण होऊन त्याचा उल्लेख करा आणि लगेच रिकामा वेगाचा रकाना आणि २४ सप्टेंबरचं वाक्य शेजारी ठेवा. पहिला कागद मशीन बसल्याची पोच आहे, चाचणीची नाही.

आता पंधरा लाख आले कुठून, ते सांगा.

मेधा_पॅक

दुरुस्तीचं बिल १,१५,००० (जीएसटी वगळून). फुकट गेलेलं लॅमिनेट ४६० किलो, २६० रुपये किलोने १,१९,६००. बाहेरून पॅकिंग करून घेतलं, ६ लाख पाऊच, २२ पैशांनी १,३२,०००. बाकी गेलेल्या ग्राहकाचा वर्षाचा नफा ९ लाख, आणि मनस्ताप वगैरे धरून १५ केले.

काळा_कोट

मनस्ताप काढून टाका, व्यापारी व्यवहारात तो टिकत नाही. बाकी एकेक पाहू.

दुरुस्ती १,१५,००० जशीच्या तशी राहील. जीएसटी वगळलात ते बरोबर केलंत, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळालेलं आहे.

लॅमिनेट: निर्दोष मशीनवरही थोडी वाया जातेच, रोल बदलताना, सेटिंग करताना. तुमच्या जुन्या मशीनच्या नोंदी काढा आणि तेवढी वजा करा.

बाहेरचं पॅकिंग: २२ पैसे दिले, पण ते पाऊच घरी झाले असते तरी मजुरी आणि वीज लागलीच असती. तेवढी वाचली. फरकच मागता येईल.

मेधा_पॅक

रजिस्टर पाहिलं. जुन्या मशीनच्या प्रमाणाने त्या काळात साधारण १२० किलो वाया गेली असती. म्हणजे ३४० किलो, ८८,४००. पॅकिंगला घरचा खर्च पाऊचला ७ पैसे येतो, म्हणजे ४२,००० वाचले, उरले ९०,०००. आकडे उतरल्यावर पोटात गोळा आला. एकूण २,९३,४०० च होतात.

काळा_कोट

उतरलेला आकडाच उलटतपासणीत उभा राहतो. ४६० किलोवर 'तुमच्याकडे कधीच फिल्म वाया जात नव्हती का' हा एक प्रश्न आला असता आणि सगळा हिशेब संशयात गेला असता.

पण एक मोठी गोष्ट तुम्ही धरलीच नाही. दुरुस्तीनंतरही मशीन ४८-५० चं आहे, तुम्ही पैसे ६० च्या मशीनचे दिलेत. हा मूल्यातला फरक हीच हमीभंगाची मूळ नुकसानी आहे. तो सिद्ध कसा करायचा? त्यांच्या कोटेशनमध्ये कमी वेगाचं मॉडेल होतं का?

मेधा_पॅक

होतं! ५० पाऊचचं मॉडेल १७ लाखांना, ६० चं २० लाखांना. आम्ही मुद्दाम महागडं घेतलं.

काळा_कोट

मग ३ लाखांचा फरक त्यांच्याच कागदावर आहे. मूल्यमापकाचा दाखलाही घ्या, पण सुरुवात इथून.

यात दुहेरी मोजणीचा धोका आहे. दुरुस्तीने मशीन ६० ला पोचलं असतं तर दुरुस्तीचा खर्च मागता आला असता, मूल्यातला फरक नाही. तुमच्याकडे दुरुस्तीने ते ४० वरून ५० वर आलं आणि ५० ते ६० ची तूट शिल्लक आहे, म्हणून दोन्ही बसतात. उत्तरात हे दोन वाक्यांत समजावा, म्हणजे तो आक्षेप आधीच मिटेल.

एकूण ५,९३,४००.

सुमेध_०७

म्हणजे ६ लाखांतून ६,६०० उरतात? मग प्रतिदावा कशाचा?

काळा_कोट

सुमेध, हाच कळीचा प्रश्न. प्रतिदावा आता त्या ९ लाखांवर उभा आहे, आणि तो पाय कमजोर आहे. कलम ७३ दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान देत नाही. करार करताना त्यांना माहीत होतं का, की हे मशीन अमक्या ग्राहकाच्या अमक्या मुदतीच्या ऑर्डरसाठी आहे? शिवाय कोटेशनच्या मागे काय छापलंय? बऱ्याच ठिकाणी असतं, 'उत्पादन वा नफ्याच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.'

मेधा_पॅक

छापलंय तसंच. पण एप्रिलमध्ये मी त्यांच्या विक्री अधिकाऱ्याला लिहिलं होतं: 'जुलैपासून नवीन ग्राहकाला महिन्याला ४ लाख पाऊच द्यायचे आहेत, म्हणून ६० स्पीडच हवा.' त्यावर त्याचं 'नक्की मिळेल' असं उत्तर आहे.

काळा_कोट

ही ईमेल कलम ७३ साठी चांगली आहे. पण छापलेली अट कराराचा भाग ठरली तर ती आड येईल. तुमचा पीओ त्यानंतरचा आहे आणि त्यात ती अट नाही, यावर भांडता येईल. ग्राहकाने ऑर्डर काढून घेतली त्याचं कारण त्याच्याच पत्रात 'वेळेत पुरवठा नाही' असं आहे का? आणि ९ लाख ही विक्री आहे की खर्च वजा जाता उरणारा नफा, हे सीएकडून काढून घ्या.

उत्तरात ही मागणी राखून ठेवा, पण ५,९३,४०० च्या हिशेबात मिसळू नका. पक्क्या आकड्याला कच्चा आकडा चिकटला की दोन्ही कच्चे दिसतात.

अनुराधा_सी

मी समोरच्या बाजूने एवढंच विचारेन: तुमच्या खातेवहीत ३१ मार्च २०२५ ला आमचे ६ लाख देणे दाखवणार की नाही? आम्ही दरवर्षी बाकी-मान्यतेचं पत्र पाठवतो. ग्राहकाचा अकाउंटंट सही-शिक्का मारून परत करतो, आणि मग वकिलाने कितीही सुंदर उत्तर लिहिलेलं असो, आम्ही तो कागद काढतो.

मेधा_पॅक

बाप रे. असं पत्र आलंय, टेबलावर पडलं आहे. अकाउंटंटला थांबवते.

काळा_कोट

अनुराधाने फार मोलाचं सांगितलं. त्या पत्रावर 'मशीनच्या दोषांमुळे वादग्रस्त, पत्र दिनांक अमुक पाहा' असं लिहून परत करा. डेबिट नोट आणि जीएसटीची नोंद कशी करायची ते सीएला विचारून याच आठवड्यात ठरवा, म्हणजे उत्तर आणि वह्या एकच गोष्ट सांगतील.

उत्तराचा गाभा साधारण असा असू द्या, बाकी तुमचे वकील बसवतील:

"आपल्या अशिलाची ६,००,००० रुपयांची व त्यावरील व्याजाची मागणी आमच्या अशिलांस नाकबूल आहे. ऑर्डरनुसार सदर रक्कम मशीनची चाचणी यशस्वी झाल्यावर देय होती, व तशी चाचणी आजतागायत झालेली नाही. आपल्या अशिलाच्याच इंजिनिअरने दिनांक २४ सप्टेंबर २०२४ च्या अहवालात जॉ बदलणे आवश्यक असल्याचे नमूद केले आहे. मशीन वर्णनाप्रमाणे व कामास योग्य नसल्याने त्याची किंमत सोबतच्या हिशेबाप्रमाणे ५,९३,४०० रुपयांनी कमी झाली आहे. हे मान्य नसल्यास सदर रक्कम याच व्यवहारातील वजावट म्हणून वळती करण्याचा व त्यापुढील नुकसानीसाठी प्रतिदावा करण्याचा हक्क आमचे अशील राखून ठेवतात. या उत्तरातील कोणताही मजकूर देण्याची कबुली समजू नये."

त्याखाली संयुक्त चाचणीचं बोलावणं घाला: तारीख, वेळ, तुमची फिल्म, तुमची पावडर, दोन्हीकडचा एकेक माणूस. ते आले नाहीत तरी तुमचं बोलावणं कागदावर राहतं. सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मूळ फोनवर जपा. न्यायालयात त्यांच्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, फोन बदलला तर अडचण होते.

निळू

माझा एक प्रश्न. उत्तरात 'प्रतिदावा राखून ठेवतो' लिहिलं की तीन वर्षांची मुदत थांबते ना?

काळा_कोट

नाही. न्यायालयात प्रतिदावा ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस धरतात, पत्रात लिहिल्याने घड्याळ थांबत नाही. वजावटीला मात्र समोरच्याच्या दाव्याची तारीख धरतात. लवाद असेल तर थोडी सवलत आहे, तुम्ही आधीच नोटीस देऊन तीच मागणी करून लवाद मागितला असेल तर त्या नोटिशीची तारीख बघतात. म्हणून मेधाताई, पीओत किंवा कोटेशनमध्ये लवादाचं कलम आहे का तेही आजच बघा. आणि त्यांनी काहीच केलं नाही तर २०२७ ची वाट बघत बसू नका.

त्यांनी दिवाणी दाव्याचा रस्ता धरला तर हा व्यापारी वाद आहे आणि रक्कम ३ लाखांच्या वर आहे. तातडीची मागणी नसेल तर त्यांना आधी मध्यस्थीला जावंच लागेल. तिथे हा हिशेब कामाला येईल.

लेथवाला

संयुक्त चाचणीच्या दिवशी कॉम्प्रेसरचं गेज चालू आणि दिसेल असं ठेवा. मॅन्युअलमध्ये जेवढा दाब सांगितला असेल तेवढा आहे याचा फोटो घ्या. नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत हवा कमी म्हणून निघून जातील.

मेधा_पॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा वकिलांकडे बसून आले. 'देणे आहोत' हे वाक्य त्यांनीही पहिल्यांदा खोडलं. उत्तर काल, १० फेब्रुवारीला, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने गेलं. संयुक्त चाचणीला २४ फेब्रुवारीची तारीख दिली आहे. ९ लाखांचा आकडा घातला नाही, 'पुराव्यानिशी स्वतंत्रपणे मागू' एवढंच लिहिलं. उरलेल्या ६,६०० बद्दल आमचे वकील म्हणतात, चेक पाठवून देऊ, म्हणजे आम्ही सरळ आहोत हे दिसेल. दिरांना वाटतं, पाठवला तर बाकी हिशेब त्यांनी मान्य केल्यासारखं होईल. काळा_कोट, तुमचं काय मत?

काळा_कोट

मी थांबले असते. चाचणी झालेली नसल्याने रक्कम देय झालीच नाही, हा तुमचा पहिला बचाव आहे, आणि चेक पाठवला की तो थोडा सैल होतो. पण तुमचे वकील म्हणतात तेही मी करताना पाहिलं आहे, आणि मध्यस्थीत त्याचा उपयोगही झाला होता. चाचणीचा निकाल येऊ द्या, मग ठरवा.

मेधा_पॅक

ठीक. आणि लेथवाला काका, जुना जॉ सापडला. भंगारवाला शनिवारी येणार होता.